सोयावडी, मॉक मीट आणि पेपरातला ओलाव्याचा प्रश्न : १८ किलो की २४?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. नॉव्हेल फूड टेक्नॉलॉजीचा पेपर जवळ आलाय आणि साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपवर एका प्रश्नावरून दोन तट पडलेत. प्रश्न असा :

(अ) टीव्हीपी आणि हाय मॉइश्चर मीट अ‍ॅनालॉग यांच्या एक्स्ट्रूजनमधला फरक स्पष्ट करा.
(ब) ७% ओलावा असलेलं डिफॅटेड सोयापीठ ताशी १०० किलो दराने एक्स्ट्रूडरमध्ये जातं. बॅरलमधला एकूण ओलावा (१) २५% आणि (२) ६०% हवा असेल तर ताशी किती पाणी सोडावं लागेल?
(क) कारणं द्या : पहिल्या प्रकारात ड्रायर लागतो, दुसऱ्यात कूलिंग डाय.

फिरत्या नोट्समध्ये (ब)ची उत्तरं १८ किलो आणि ५३ किलो अशी आहेत. म्हणजे २५ वजा ७ आणि ६० वजा ७. अर्ध्या ग्रुपला हे पटतं, मला नाही. आणि (क)ला नोट्समध्ये 'उत्पादन वाळवण्यासाठी' आणि 'उत्पादन थंड करण्यासाठी' एवढंच लिहिलंय! याला पाच मार्क कोण देईल?

रस्सामंडळ
आमच्याकडे एकच फरक. पहिला प्रकार रश्श्यात फुगतो, दुसरा परवडत नाही.

डायप्लेट
कोयनाकाठ, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. १८ आणि ५३ दोन्ही चूक. टक्का हा एकूण वजनाचा असतो आणि पाणी घातलं की एकूण वजनही वाढतं, हे त्या वजाबाकीत सुटलंय.

न बदलणारी गोष्ट धरून चाला, म्हणजे कोरडा भाग. १०० किलो पिठात ७ किलो पाणी, ९३ किलो कोरडं. बॅरलमध्ये २५% ओलावा म्हणजे हे ९३ किलो एकूण मालाच्या ७५% झाले. एकूण माल ९३ ÷ ०.७५ = १२४ किलो, म्हणून पाणी ताशी २४ किलो. दुसऱ्यात ९३ ÷ ०.४० = २३२.५ किलो, म्हणून पाणी ताशी १३२.५ किलो.

आता नोट्सचा आकडा उलटा तपासा. ५३ किलो घातलं तर एकूण १५३ किलो आणि त्यात पाणी ६०. म्हणजे ओलावा ३९%. ६०च्या जागी ३९ म्हणजे अख्खा प्रकारच बदलला. ना धड सुकी वडी, ना धड ओला तंतू. १८वाल्या चुकीत ओलावा २१% येतो. तो चालण्याच्या पट्ट्यात बसतो, म्हणून ती चूक कुणाच्या नजरेत येत नाही.

गुलाबी लिटमस
डायप्लेट यांचं गणित मान्य. (क)बद्दल सांगतो. टीव्हीपीत माल डायच्या तोंडातून बाहेर पडला की दाब एकदम सुटतो, पाण्याची वाफ होते आणि वडी फुगते. त्या वाफेबरोबर पाणी निघून जातं. ड्रायर असतो तो वरवरचा ओलसरपणा घालवायला आणि टिकाऊपणासाठी. आणि दोन्हीला ट्विन स्क्रूच लागतो, हे लिहायला विसरू नका. परीक्षक शोधत असतात.

डायप्लेट
गुलाबी लिटमस, वाफेचं आणि फुगण्याचं अगदी बरोबर. पण 'पाणी निघून जातं' इथे गडबड आहे. किती जातं ते काढून बघू, कारण (क)चं खरं उत्तर तिथेच आहे.

माल डायपाशी १५० अंशांवर आहे असं धरा. बाहेर वातावरणाच्या दाबाला तो १०० अंशांवर येतो. मधल्या ५० अंशांची उष्णता हेच वाफ होण्याचं भांडवल, बाहेरून आणखी काही मिळत नाही. २५% ओलाव्याच्या मालाची विशिष्ट उष्णता साधारण २.५ किलोज्यूल धरली, तर १०० किलो मालामागे १०० × २.५ × ५० = १२,५०० किलोज्यूल. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २,२५७ लागतात. म्हणजे वाफ झाली फक्त ५.५ किलो. १०० किलोत २५ किलो पाणी होतं, त्यातलं १९.५ जागेवरच. ओलावा २५ वरून जेमतेम २०.६% वर आला.

आपल्या १२४ किलोच्या हिशेबात वाफ ६.९ किलो. उरला माल ११७.१ किलो. वडी पोत्यात भरायची तर ओलावा ८% च्या आसपास हवा, म्हणजे ९३ ÷ ०.९२ = १०१.१ किलो. फरक ताशी १६ किलो, आणि तो सगळा ड्रायरने काढायचा. डायच्या तोंडाशी जेवढं पाणी जातं त्याच्या दुपटीहून जास्त! वडी फुगलेली आणि वरून कोरडी दिसली तरी २०% ओलाव्यावर पोत्यात भरली तर काही दिवसांत आतून बुरशी धरते. (क)च्या पहिल्या भागात एवढं लिहा, आकड्यांसकट.

ट्विन स्क्रूचं म्हणाल तर सुकी वडी सिंगल स्क्रूवर बनते आणि भरपूर बनते. ६०% ओलाव्याला मात्र ट्विनच. एवढा ओला माल गुळगुळीत होतो, सिंगल स्क्रूत तो स्क्रूबरोबर नुसता गोल फिरतो, पुढे ढकलला जात नाही. ट्विनचे दोन स्क्रू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे माल पुढे सरकतोच.

गुलाबी लिटमस
सिंगल स्क्रूवरही बनते हे मान्य, पण आजकाल नवीन लाइन सगळे ट्विनचीच घेतात. परीक्षेत 'ट्विन श्रेयस्कर' लिहायला काय हरकत?

डायप्लेट
'श्रेयस्कर' लिहा, 'आवश्यक' लिहू नका.

कुपवाडचा पत्रा
विषय निघालाच आहे तर विचारतो. कुपवाड एमआयडीसीत आमचं मक्याचे पफ काढायचं सिंगल स्क्रू मशीन आहे, आखूड बॅरलचं. शेजारी तेलाचा एक्स्पेलर आहे, त्याची सोयापेंड स्वस्तात मिळते. त्या मशीनवर त्या पेंडीची वडी निघेल का? पफसारखीच तर फुगवायची आहे.

रस्सामंडळ
साहेब, हा परीक्षेचा धागा आहे. तुम्ही पण पेपरला बसताय का?

कुपवाडचा पत्रा
बसवा की राव. आमची परीक्षा रोजच असते, वर लाइट बिल वेगळं.

आष्ट्याची पेंड
प्रश्न चांगला आहे. परीक्षेत 'कच्च्या मालाची निवड' म्हणून हाच येतो. अडचणी दोन आहेत. एक, एक्स्पेलरच्या पेंडीत सहा-सात टक्के तेल राहतं. सॉल्व्हंटने काढलेल्या मालात ते दीड टक्क्याच्या आत असतं. बॅरलमध्ये तेल वंगणाचं काम करतं. माल भिंतीला घासला जात नाही, पिळला जात नाही, त्यामुळे घर्षणाची उष्णता तयार होत नाही आणि प्रथिनं एकमेकांना नीट पकडत नाहीत. बाहेर पडतो तो भुसभुशीत भुगा. पाण्यात टाकला की लापशी.

दोन, उष्णता. एक्स्पेलरमध्ये पेंड आधीच तापलेली असते. तापलेल्या प्रथिनांची पाण्यात मिसळण्याची ताकद गेलेली असते. ती मोजायची खूण म्हणजे पीडीआय. वडीसाठी पीडीआय साधारण ५० ते ७० मधला माल मागतात. आपल्याकडे पशुखाद्याला जाते ती डीओसीसुद्धा मुद्दाम भाजलेली असते, पीडीआय बराच खाली. ती तेलविरहित आहे म्हणून वडीला चालेल असं समजणं ही दुसरी नेहमीची चूक. वडीला लागते ती खाण्याच्या प्रतीची, कमी उष्णतेत सॉल्व्हंट उडवलेली, पांढरी फ्लेक.

मशीनही वेगळं. मक्याच्या पफचं मशीन पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर चालतं आणि मक्यात फुगतो तो स्टार्च. सोयापिठाला बॅरलमध्ये जास्त पाणी आणि जास्त वेळ लागतो, शिवाय आधी प्रीकंडिशनरमध्ये वाफेने भिजवणं. आखूड बॅरलमध्ये तेवढा वेळच मिळत नाही.

गुलाबी लिटमस
मग पीडीआय जितका जास्त तितकी वडी चांगली. ९० चा माल घेतला की काम फत्ते.

आष्ट्याची पेंड
तसं नाही हो. फार जास्त पीडीआयचा माल बॅरलमध्ये चिकट होतो, लोड वरखाली होतं आणि डायमधून माल धक्क्याधक्क्याने येतो. म्हणून तर पट्टा सांगतात. उलट कमी पीडीआयच्या मालातूनही ट्विन स्क्रूवर जास्त काम देऊन काही जण वडी काढतात. एक्स्पेलरच्या मालावरही प्रयोग झालेत आणि तेल बरंच खाली असेल, पेंड फार तापलेली नसेल, तर जमतं. पण कुपवाडकर, तुमच्या मशीनवर नाही.

कुपवाडचा पत्रा
म्हणजे पेंड म्हशीलाच. बरं, धागा वाचतोय, चालू द्या.

कोयनाकाठ
खूप उपयोगी आहे हे. आता कूलिंग डायचं सांगा ना. नोट्समध्ये 'शेवेच्या सोऱ्यातून जशी शेव पडते तसा माल डायमधून तंतूंच्या रूपात बाहेर येतो' असं लिहिलंय. हे लिहिलं तर चालेल?

डायप्लेट
ते लिहू नका. सोऱ्यात शेवेची जाडी भोकामुळे ठरते. इथे तंतू भोकांतून पडत नाहीत. कूलिंग डायचं तोंड एकच, चपटं आणि रुंद असतं. त्यातून एक सलग पट्टी बाहेर येते आणि तंतू त्या पट्टीच्या पोटात असतात.

आधी कूलिंग डाय नसेल तर काय होईल ते बघा. ६०% ओलाव्याचा माल १५० अंशांवर थेट बाहेर सोडला तर वरच्याच रीतीने (विशिष्ट उष्णता ३.३ धरून) १०० किलोमागे ७.३ किलो वाफ होते. ही वाफ बारा घनमीटरच्या आसपास जागा मागते. सुक्या वडीतही वाफ होते, पण तिथे उरलेला माल कोरडा असल्यामुळे थंड होताच भिंती ताठ होतात आणि छिद्रं तशीच राहतात. इथे वाफ जाऊनही ५७% पाणी शिल्लक असतं. भिंती मऊच राहतात, पट्टी आधी फाटते आणि मग बसते. डायच्या तोंडातून माल थुंकल्यासारखा उडतो.

म्हणून बाहेर पडण्याआधी, दाबाखाली असतानाच, माल १०० अंशांच्या खाली आणायचा. वाफ होऊच द्यायची नाही. ८० अंशांपर्यंत आणायचा म्हटलं तर ताशी २३२.५ किलो × ३.३ × ७० = सुमारे ५३,७०० किलोज्यूल, म्हणजे जवळपास १५ किलोवॅट उष्णता सतत काढून घ्यायची. डाय लांबच लांब असते आणि तिच्या जॅकेटमधून पाणी फिरतं, ते याच्यासाठी.

मिरज जंक्शन
डायप्लेट यांनी अर्धंच सांगितलं. वाफ अडवणं हे कूलिंग डायचं एक काम. दुसरं, आणि माझ्या मते मोठं, काम म्हणजे तंतू घडवणं. डायच्या भिंतीला लागलेला माल आधी थंड होतो, घट्ट होतो आणि मागे रेंगाळतो. मधला अजून गरम आणि पातळ असतो, तो पुढे धावतो. या दोघांच्या वेगातल्या फरकामुळे मधली प्रथिनं ताणली जातात आणि ताणलेल्या अवस्थेतच गोठतात.

हे डोळ्यांनी दिसतं. हाय मॉइश्चरची पट्टी रुंदीच्या मधोमध बोटांनी लांबीच्या दिशेने फाडा. आतले धागे सरळ रेषेत नसतात. दोन्ही कडांपासून निघून मध्याशी मिळणाऱ्या कमानी दिसतात, एकात एक बसलेल्या, आणि कमानीचं टोक पट्टी ज्या दिशेला बाहेर पडली तिकडे असतं. मधला माल पुढे धावल्याची ती खूण. सुकी वडी भिजवून, पिळून कापून बघा. तिथे कमानी नाहीत, लांबट पोकळ्या आणि त्यांच्या पातळ भिंती दिसतात. म्हणूनच वडी रस पिते आणि पट्टी फारसा पीत नाही. (अ)चा फरक परीक्षेत असा लिहिला तर आकृतीसुद्धा काढता येते.

डायप्लेट
मिरज जंक्शन, कमानीचं मान्य. पण 'ताणली जाऊन गोठतात' हे एकच कारण ठामपणे लिहू नये. दुसरं मत असं की थंड होताना मालात पाणी जास्त असलेला आणि प्रथिनं जास्त असलेला असे दोन भाग वेगळे होतात आणि प्रवाहात ते लांब ओढले जाऊन तंतू होतात. मला ते जास्त पटतं. नुसत्या ताणण्याने तंतू झाले असते तर बॅरलमध्ये, जिथे सगळ्यात जास्त पिळणं होतं, तिथेच झाले असते.

मिरज जंक्शन
बॅरलमध्ये स्क्रू सारखा ढवळत असतो, झालेले धागे तुटतात. त्यावरून ताणण्याचं कारण बाद होत नाही.

डायप्लेट
बादही होत नाही, सिद्धही होत नाही. परीक्षेत दोन्ही लिहावीत.

आष्ट्याची पेंड
दोघांनी भांडा, तोवर चालवताना काय बिघडतं ते सांगते. पाच मार्कांच्या प्रश्नात 'दोष व उपाय' हमखास येतं. कूलिंग डायचं पाणी कमी पडलं तर बाहेर येणाऱ्या पट्टीवर फोड येतात, मधून वाफेचे फवारे सुटतात आणि पट्टीला आडव्या चिरा जातात. उलट डाय गरजेपेक्षा गार ठेवली तर भिंतीजवळचा माल चिकटून जागेवर बसतो, डायआधीचा दाब चढत जातो आणि मग फक्त मधली चिंचोळी वाट उरते. तिथून माल झपाट्याने येतो. पट्टीच्या कडा कच्च्या, फाटक्या आणि मध्य गुळगुळीत दिसला की समजावं. सुरुवातीला डायमधून कोमट पाणी फिरवून माल वाहता करायचा, मग पाणी हळूहळू गार करत न्यायचं. गार डायवर सुरू केलं तर माल आतच थिजतो आणि डाय खोलून काढावी लागते.

सुक्या वडीत बिघाड ओळखणं सोपं. पाणी कमी पडलं की वडी काळपट, जळका वास आणि मोटरचं लोड वरखाली. पाणी जास्त झालं की दाब तयार होत नाही, वडी कमी फुगते, जड राहते आणि भिजवली तर आत कच्च्या पिठासारखा गोळा लागतो. भिजवलेली वडी मुठीत दाबून सोडावी. चांगली असेल तर परत फुलते, नाहीतर बोटांमधून चिखल निघतो.

रस्सामंडळ
ही शेवटची टेस्ट आमच्या मेसला लागू करा कुणीतरी.

गुलाबी लिटमस
एक वेगळी शंका. पेपर 'नॉव्हेल फूड'चा आहे. सोयावडी नॉव्हेल कशी? गणपती पेठेत पोत्यांनी मिळते.

मिरज जंक्शन
कायद्याच्या दृष्टीने नाहीच. युरोपात १५ मे १९९७ ही तारीख धरतात. त्याआधी तिथे लोक बऱ्यापैकी प्रमाणात खात नव्हते तेच नॉव्हेल. सोयावडी त्याच्या कितीतरी आधीची, टीव्हीपीचं पेटंट १९७० चं आहे. आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २२ मध्ये 'ज्याची मानकं ठरलेली नाहीत पण जे असुरक्षित नाही' असा अर्थ घेतलाय आणि मंजुरीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. त्यामुळे पेपरात तंत्र नवीन आणि पदार्थ जुना असं होऊ शकतं. सोयाच्या मुळांतलं लेगहिमोग्लोबिन यीस्टकडून बनवून घेऊन बर्गरमध्ये घालतात, ते घटक म्हणून नवीन.

गुलाबी लिटमस
महाराष्ट्रातल्या परीक्षेत युरोपची तारीख लिहून मार्क मिळतात का?

आष्ट्याची पेंड
परीक्षकावर आहे. कलम २२ आधी लिहा, युरोप नंतर एका ओळीत.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. (क) असं लिहिलंय, तपासा :

'पहिल्या प्रकारात डायच्या तोंडाशी वाफ होऊन माल फुगतो, पण मालातल्या उष्णतेवर फक्त ५-६% पाणी उडू शकतं. ओलावा २०% च्या वर राहतो, तो ८% वर आणायला ड्रायर. दुसऱ्या प्रकारात वाफ झाली तर रचना फाटते, म्हणून माल दाबाखालीच १०० अंशांच्या खाली आणायला कूलिंग डाय. थंड होतानाच तंतू घडतात. उत्पादन ओलं राहत असल्याने ते शीतसाखळीत ठेवावं लागतं.'

आणि एक विचारायचं राहिलं. मार्किंग स्कीममध्येच १८ किलो असेल तर?

डायप्लेट
चांगलं आहे. '५-६% पाणी' च्या जागी 'मालाच्या वजनाच्या ५-६% एवढं पाणी' लिहा, नाहीतर कुणी पाण्याचे ५% समजेल. विशिष्ट उष्णता आणि १५० अंश तुम्ही धरलेत हेही लिहा.

१८ वाल्यासाठी पडताळा उत्तरातच दाखवा : ९३ किलो कोरडं, ३१ किलो पाणी, एकूण १२४, म्हणजे २५%. समोर बेरीज दिसत असताना लाल शाई चालवणं अवघड जातं.

रस्सामंडळ
तुम्ही आमचे परीक्षक बघितलेले नाहीत.

कुपवाडचा पत्रा
एक अडाणी प्रश्न. प्रीकंडिशनरमध्ये वाफ सोडतात म्हणालात. ती वाफ पिठात जिरली की पाणीच की. मग २४ किलो पाण्यात ती धरायची का वेगळी?

आष्ट्याची पेंड
अडाणी कसला, नोट्स लिहिणाऱ्यांनाही हे सुचलेलं नाही. धरायची. ताशी ८ किलो वाफ सोडली आणि ती सगळी जिरली, तर नळाने फक्त १६ किलो सोडायचं. प्रश्नात वाफेचा उल्लेख असेल तरच हे लिहा. आणि थोडी वाफ वरून निसटतेच, तेव्हा चालू मशीनवर हिशेबावर न थांबता डायआधीचा नमुना काढून ओव्हनमध्ये ओलावा बघतात.

कुपवाडचा पत्रा
डायआधी तर माल १५० अंशांवर दाबाखाली असतो म्हणालात. नमुना काढणार कसा?

डायप्लेट
बरोबर पकडलंत. तिथून काढता येत नाही, बाहेर येताच वाफ सुटते. प्रीकंडिशनरमधून बाहेर पडणाऱ्या पिठाचा नमुना घेतात आणि बॅरलमध्ये सोडलेलं पाणी त्यात मिळवतात.